लाइट गेली आणि तापलेला सेल गायब झाला

मंगळवेढ्याच्या पुढे, काळ्या रानात, दोन मेगावॅटचा एक सोलर प्लांट आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा सहकारी तिथे थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन गेलो. प्लांटच्या तिन्ही बाजूंना दाण्यात आलेली शाळू उभी होती. पाखरं राखायला माणसं होती, मधूनच गोफणीचा आवाज यायचा आणि हुसकलेली पाखरं उठून थेट पॅनेलच्या वरच्या कडेवर येऊन बसायची. तेव्हा मला त्याचं एवढं काही वाटलं नाही. दोन दिवसांनी त्याच पाखरांनी माझ्या अहवालाचा निम्मा भाग व्यापला.

प्लांटच्या मालकांचं म्हणणं साधं होतं. मागच्या वर्षापेक्षा निर्मिती पाचेक टक्के कमी येते आहे, पॅनेल खराब झालीत का ते बघा. ३२५ वॅटची आठ हजार पॅनेल. वीस-वीस पॅनेलची एक स्ट्रिंग, अशा चारशे स्ट्रिंग. सोळा स्ट्रिंग एका कॉम्बायनर बॉक्समध्ये येतात, असे पंचवीस बॉक्स, आणि ते सगळे पॅनेलची डीसी वीज ग्रिडसाठी एसी करणाऱ्या दोन इन्व्हर्टरना जोडलेले. आठ हजार पॅनेल हातात मीटर घेऊन तपासायची म्हटली तर महिना जाईल. ड्रोनने ते काम दीड दिवसात होतं, पण एका अटीवर. आपण नक्की कशाचा फोटो काढतोय हे कळलं पाहिजे.

थर्मल कॅमेऱ्याला पॅनेलच्या आतला सेल, म्हणजे वीज तयार करणारा एकेक चौकोन, दिसत नाही. काच आपल्या डोळ्यांना पारदर्शक असली तरी उष्णतेच्या लांब लहरींना ती भिंतीसारखी अपारदर्शक असते. म्हणजे फोटोत दिसतं ते काचेच्या पृष्ठभागाचं तापमान. आत सेल तापला की त्याच्यावरची काच तापते, म्हणून तो चौकोन उठून दिसतो. शिवाय काच थोडी आरशासारखीही वागते. समोर जे असेल, आकाश, सूर्य, शेजारचं शेड, त्याचं थोडं प्रतिबिंब कॅमेऱ्यात येतंच. निरभ्र आकाश या कॅमेऱ्याला शून्याच्याही बरंच खाली दिसतं, त्यामुळे पॅनेलचं तापमान प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी भरतं. म्हणून पडद्यावर ५२ अंश वाचलं तर मी ५२ वर फारसा विश्वास ठेवत नाही. शेजारच्या चांगल्या सेलपेक्षा हा किती जास्त, तो फरक मात्र बऱ्यापैकी खरा असतो, कारण चूक दोघांनाही सारखीच लागू होते. आमचं सगळं काम त्या फरकावर चालतं.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला पोचलो तेव्हा साइट इन्चार्ज म्हणाले, "मॅडम, लगेच उडवा की, ऊन पडलंय." मी थांबले. पॅनेलच्याच उतारावर बसवलेला, उन्हाची तीव्रता मोजणारा पायरॅनोमीटर तेव्हा ४३० वॅट प्रति चौरस मीटर दाखवत होता. या तपासणीसाठी जे आंतरराष्ट्रीय तांत्रिक मानक वापरतात, IEC TS 62446-3, त्यात किमान ६०० सांगितलेत. हा आकडा हवेतून आलेला नाही. ऊन कमी तर स्ट्रिंगमधून वाहणारा करंट कमी, आणि करंट कमी तर बिघडलेला सेल तापणारही कमी. चाळीस अंशांनी तापणारा सेल कोवळ्या उन्हात दहा-बारा अंशच वर दिसेल आणि आपण त्याला किरकोळ म्हणून सोडून देऊ. अकराच्या सुमारास मीटर ७५० च्या वर गेला, वारा मंद होता, आकाशात एकही ढग नव्हता. तेव्हा ड्रोन वर गेला.

उंची तीस मीटर ठेवली. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ६४० बाय ५१२ पिक्सेलचा आहे आणि लेन्स साडेतेरा मिलीमीटरची. तीस मीटरवरून एका पिक्सेलमध्ये साधारण २.७ सेंटिमीटर येतात, म्हणजे सहा इंची सेलच्या एका कडेवर पाचेक पिक्सेल बसतात. एवढे हवेतच. साठ मीटरवरून उडवलं तर काम निम्म्या वेळात होतं, पण मग छोटा तापलेला भाग शेजारच्या थंड भागात मिसळून त्याची सरासरी निघते आणि ८० अंशांचा डाग ६० चा दिसतो. वेगाचंही तसंच. या सेन्सरला उष्णतेतला बदल टिपायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. सेकंदाला तीन मीटर वेगाने तेवढ्या वेळात ड्रोन तीन सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे एक पिक्सेल. त्याहून जोरात गेलं की फोटो पुसट होतो. म्हणून आम्ही तीनच्या पुढे जात नाही, कितीही घाई असली तरी.

एक चूक माझ्याकडून झाली, आणि ती संध्याकाळपर्यंत लक्षात आली नाही. कॅमेरा मी सरळ खाली रोखून ठेवला होता. मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या प्लांटवर तेच सेटिंग बिनबोभाट चाललं होतं. पण मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि पॅनेल दक्षिणेकडे पंधरा अंश कललेली असतात, त्यामुळे सूर्याचं प्रतिबिंब दक्षिणेला तीस अंशांवर निघून जातं, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. जानेवारीच्या शेवटी दुपारचा सूर्य दक्षिणेला ३६ अंश झुकलेला असतो. त्याच पॅनेलवरून त्याचं प्रतिबिंब उभ्या रेषेपासून जेमतेम सहा अंशांवर वर येतं. बरोबर ड्रोनच्या तोंडावर. साडेअकराच्या आत सूर्य पूर्वेला असतो तोवर ते बाजूने निसटतं. त्यानंतर ते चौकटीत शिरतं आणि दीड-पावणेदोनपर्यंत तिथेच राहतं. बाराच्या सुमाराच्या दुसऱ्या उड्डाणात ते प्रत्येक फोटोत होतं.

तिसरं उड्डाण बारा बावन्नला सुरू केलं. बॉक्स १४ पासून पुढचा भाग बाकी होता. चौथं सव्वाला, लगेच पाठोपाठ. दोनच्या आत सगळं उडवून झालं म्हणून आम्ही खूश होतो. वॉचमन काकांनी वाटीभर हुरडा आणून दिला, तो खाल्ला आणि मुक्कामाच्या गावी परतलो.

रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले. आधी रंगांची पट्टी कायम केली, तीस ते सत्तर अंश, सगळ्या फोटोंना एकच. हे मी नेहमी पहिलं काम करते. पट्टी आपोआप ठरू दिली तर प्रत्येक फोटोतला सर्वांत गरम बिंदू लाल होतो, मग तो शेजाऱ्यापेक्षा दोनच अंशांनी गरम का असेना. मालकांना असा फोटो पाठवला की ते घाबरून फोन करतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. लाल रंगाचा अर्थ आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसा कळणार?

पहिल्या तेरा बॉक्सचा भाग नेहमीसारखा होता, इथे-तिथे डाग. चौदाव्या बॉक्सपासून पुढचा भाग मात्र अगदी स्वच्छ. एकसारखा रंग, सूर्याचं प्रतिबिंब सोडलं तर एकही डाग नाही. पावणेचार हजार पॅनेल आणि त्यात एकही तापलेला सेल नाही? सहा-सात वर्षं उन्हात उभ्या असलेल्या प्लांटमध्ये असं होत नाही. आमची एक सवय आहे, प्रत्येक उड्डाण आधीच्या उड्डाणाच्या शेवटच्या रांगेपासून सुरू करायचं. ती सवय इथे कामाला आली. बॉक्स १३ च्या त्या रांगेत दुसऱ्या उड्डाणात एक सेल ८१ अंशांवर होता, शेजारचे ५० वर. बारा पंचवीसचा फोटो. तीच रांग, तेच पॅनेल, बारा त्रेपन्नच्या फोटोत सगळे सेल सारखे. तो डाग नव्हताच.

इन्चार्जना फोन लावला. पावणेबारा वाजले होते, पण राहवेना. विचारलं, आज दुपारी काही झालं होतं का? ते म्हणाले, "मॅडम, लाइट गेलती की मधे. फीडर ट्रिप झाला. बारा चाळीसला गेली, सव्वाला आली. तुम्ही उडवत होता म्हणून नाही बोललो."

त्यांचा दोष नाही. ड्रोन बॅटरीवर उडतो, कॅमेऱ्याला विजेशी देणंघेणं नाही, मग लाइट गेल्याचं सांगायचं कशाला, असंच कुणालाही वाटेल. पण ग्रिड गेली की इन्व्हर्टर थांबतो, इन्व्हर्टर थांबला की स्ट्रिंगमधून करंट वाहत नाही. आणि हॉटस्पॉट, म्हणजे असा एखादाच तापलेला सेल, हा करंटचा खेळ आहे. तो कसा, ते इथे सांगायला हवं.

एका पॅनेलमध्ये ७२ सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एकाच पाइपमधून पाणी जावं तसा सगळ्यांतून एकच करंट जातो. एखादा सेल तडकला किंवा झाकला गेला की त्याची स्वतःची करंट देण्याची ताकद कमी होते, पण बाकीचे त्याच्यातून तेवढाच करंट रेटू पाहतात. मग तो सेल वीज तयार करायच्या ऐवजी खाऊ लागतो. त्याच्या गटातल्या उरलेल्या तेवीस सेलची वीज त्या एका चौकोनात उष्णता होऊन बाहेर पडते. ती हाताबाहेर जाऊ नये म्हणून दर २४ सेलमागे एक बायपास डायोड असतो, तो तेवढा गट वगळून करंटला दुसरी वाट देतो. करंटच थांबला तर हे काहीच होत नाही. बिघडलेला सेल आणि चांगला सेल दोघेही नुसते उन्हात तापतात, सारखेच. दहा-बारा मिनिटांत फरक पुसला जातो. प्लांट निरोगी दिसतो आणि आपण तसा अहवाल लिहून मोकळे होतो. माझ्या हातून तेच होणार होतं. रांग दोनदा उडवली नसती तर मला ते कळलंही नसतं.

चौथं उड्डाणही बाद धरलं. लाइट सव्वाला आली तरी इन्व्हर्टर पुन्हा चालू व्हायला पाचेक मिनिटं घेतो, आणि त्यानंतर पॅनेलचं तापमान बसायला पंधरा मिनिटं तरी द्यावी लागतात. एखादा मोठा ढग जाऊन आला तरी आम्ही तेवढं थांबतोच. आता माझ्या यादीत एक गोष्ट वाढली आहे. उडवण्याआधी इन्व्हर्टर रूममध्ये एक माणूस बसवायचा, आणि किलोवॅट खाली आले की त्याने लगेच फोन करायचा. शिवाय संध्याकाळी इन्व्हर्टरचा लॉग घेऊन त्याच्या वेळा फोटोंच्या वेळांशी जुळवायच्या.

दुसऱ्या दिवशी बॉक्स १४ ते २५ पुन्हा उडवले, आणि दुसऱ्या उड्डाणाचा भागही. या वेळी कॅमेरा पंधरा अंश वर उचलला, ड्रोन रांगेच्या दक्षिणेला ठेवला आणि उत्तरेकडे तोंड करून रांगेला समांतर नेला, म्हणजे कॅमेरा काचेकडे काटकोनात बघतो आणि सूर्याचं प्रतिबिंब वीस-एकवीस अंश लांब, चौकटीबाहेर पडतं. मध्ये दोनदा शाळूवरून उठलेला थवा ड्रोनच्या वाटेत आला, तेव्हा ड्रोन जागच्या जागी थांबवून थवा जाऊ दिला.

सगळं धरून ४७ जागा खुणावल्या. त्यातल्या अकरा सर्वांत आधी गळल्या. त्या पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या उड्डाणातल्या होत्या, आणि फोटो जोडून केलेल्या नकाशावर अगदी खऱ्या हॉटस्पॉटसारख्या दिसत होत्या. मूळ फोटो एकापाठोपाठ एक उघडले तेव्हा उलगडा झाला. ड्रोन पुढे सरकतो, पॅनेल चौकटीत मागे सरकतं, पण डाग चौकटीत आहे तिथेच राहतो. खरा तापलेला सेल असा वागत नाही, तो आपल्या पॅनेलला चिकटून असतो. जो डाग पॅनेल सोडून ड्रोनबरोबर चालतो तो सूर्य. जोडलेल्या नकाशात ही चाल दिसत नाही, म्हणून नकाशा फक्त जागा शोधायला वापरावा, निदान मूळ फोटोवरूनच करावं. एका जुन्या अहवालात मी अशाच प्रतिबिंबांना "बदलण्यायोग्य पॅनेल" म्हटलेलं पाहिलंय, आणि ती पॅनेल खरंच बदलली गेली होती. चांगली पॅनेल भंगारात गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

उरलेल्या ३६ जागांपैकी एक म्हणजे बॉक्स १९ मधली आख्खी स्ट्रिंग. वीसच्या वीस पॅनेल शेजाऱ्यांपेक्षा चार ते पाच अंशांनी गरम, एकसारखी. डाग नाही, ठिपका नाही, नुसता फिकट पट्टा. रंगांची पट्टी आपोआप ठरलेली असती तर एखाद्या कडक डागापुढे हा दिसलाही नसता, आणि निर्मितीच्या हिशोबात हाच सर्वांत महाग होता. पॅनेल उन्हातल्या ऊर्जेचा सहावा हिस्सा वीज म्हणून बाहेर काढतं. ती बाहेर गेली नाही तर तीही उष्णताच होते, आणि पॅनेल तेवढं जास्त तापतं. म्हणजे सगळं पॅनेल एकसारखं चार-पाच अंशांनी वर असेल तर समजावं की ते कामच करत नाही, जोडणी तुटली आहे. आदल्या दिवशी लाइट गेल्यावर हा पट्टाही दिसला नव्हता, कारण तेव्हा सगळा प्लांटच त्या स्ट्रिंगसारखा झाला होता.

जमिनीवर येऊन कॉम्बायनर बॉक्स उघडला. त्या स्ट्रिंगच्या केबलवर क्लॅम्प मीटर लावला, शून्य. शेजारच्या केबलवर साडेसात अँपिअर. बॉक्सचा मेन स्विच बंद करून फ्यूजच्या पॅनेलकडच्या टोकाला व्होल्टेज मोजलं तर ८४० च्या आसपास आलं. वीस पॅनेलचं, त्या तापमानाला, एवढंच यायला हवं. म्हणजे पॅनेल आणि केबल धड आहेत, फ्यूज गेलाय. हेच व्होल्टेज आलं नसतं तर रांगेत कुठेतरी जळलेला किंवा उंदराने कुरतडलेला कनेक्टर शोधत फिरावं लागलं असतं. इथे एक सांगून ठेवते. करंट चालू असताना तो फ्यूज होल्डर उघडायचा नाही, कनेक्टरही ओढायचा नाही. डीसीचा आर्क एकदा पेटला की घरातल्या एसीसारखा आपणहून विझत नाही. नवा फ्यूज बसवताना दिसलं की होल्डरची क्लिप सैल होऊन काळी पडली आहे. नुसता फ्यूज बदलला असता तर दोन महिन्यांनी पुन्हा गेला असता, म्हणून होल्डरही बदलायला सांगितला.

सहा पॅनेलमध्ये बरोबर एक तृतीयांश भाग गरम होता, लांबीच्या दिशेने सेलच्या दोन ओळी. २४ सेल म्हणजे एका डायोडचा गट. त्यांतल्या चारमध्ये तो पट्टा एकसारखा होता आणि हातातल्या कॅमेऱ्याने मागून पाहिलं तर डायोड ज्यात असतात तो जंक्शन बॉक्सही शेजारच्यापेक्षा बराच गरम. आतली जोडपट्टी तुटून गट उघडा पडला असावा आणि सगळा करंट रात्रंदिवस नाही तरी दिवसभर डायोडमधून चालला असावा. उरलेल्या दोनमध्ये त्या पट्ट्यातले काही सेल जास्त गरम, काही कमी, गोधडीच्या ठिगळांसारखे. तिथे डायोडच शॉर्ट झाल्याचा संशय. दोन्ही प्रकारांत पॅनेल सुटं करून मोजलं की व्होल्टेज दोन तृतीयांशच भरतं, ४२ च्या जागी २८. पण पहिल्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते, कारण तो डायोड असा सतत राबत राहिला तर कधीतरी जळतो, आणि जळून उघडा पडला तर करंटला वाटच उरत नाही, तुटलेल्या जोडाशीच आर्क पेटू शकतो.

मग उरले २९ एकटेदुकटे तापलेले सेल. ड्रोन थर्मलबरोबर साधा फोटोही काढतो, तो शेजारी ठेवून पाहिला तर निम्म्याहून अधिक जागी पांढरा किंवा करडा ठिपका दिसला. पाखरांची विष्ठा. बाकी काही खालच्या ओळीत होते, जिथे पॅनेलच्या खालच्या कडेला माती साठून वाळते किंवा गाजरगवताचा शेंडा काचेवर सावली टाकतो. अशा वेळी अहवालात "हॉटस्पॉट" लिहून थांबणं मला पटत नाही. दुपारी बारापूर्वी वॉचमन काका आणि प्लांटवरची दोन पोरं पाण्याचे कॅन आणि मऊ कापड घेऊन २९ ही जागी फिरली, गवत उपटलं, काच पुसली. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते, म्हणून पाणी टाकीतलं कोमटच वापरलं. अर्ध्या तासाने मी पुन्हा उडवलं. १७ डाग गेले होते. नुसतं पुसून.

१२ राहिले. त्यांतला बॉक्स १३ मधला तो, ज्याने मला वाचवलं. त्याचा हिशोब असा. सेल ८१.४, शेजारचा चांगला सेल ५०.२, फरक ३१.२ अंश. तेव्हा ऊन ८४० होतं. पूर्ण उन्हात, म्हणजे १००० ला, हा फरक किती झाला असता ते काढायला १००० भागिले ८४० ने गुणायचं, ३७ आले. आम्ही दहाच्या आतला फरक नोंदवून ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा बघतो, दहा ते चाळीसमधलं पॅनेल मोजून ठरवतो, चाळीसच्या वर गेलं की लगेच काढायला सांगतो. गुणून घेणं एवढ्यासाठीच की सकाळी काढलेला फोटो आणि दुपारचा फोटो एकाच मापाने तोलले जावेत. गुणाकार ढोबळ आहे, ६०० च्या खालचं ऊन घेऊन त्याने भागवता येत नाही.

तीन सेल चाळीसच्या वर गेले. त्यांतल्या एकाचा फरक ८५० उन्हात ३७ होता, हिशोबाने साडेत्रेचाळीस. मी त्या पॅनेलखाली गेले. पॅनेलखाली वाकून, मान वर करून मागची पांढरी शीट पाहिली. बरोबर त्या सेलच्या जागी, तव्यावर करपलेल्या भाकरीला पडतो तसा तपकिरी डाग होता, मध्ये फुगून आलेला, आणि त्या फुगवट्याच्या कडेला केसाएवढी चीर. समोरून काच अखंड होती, साध्या फोटोत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मागची शीट म्हणजे त्या पॅनेलचं वीजरोधक आवरण. तिला चीर गेली की पावसाळ्यात ओल आत शिरते आणि लोखंडी सांगाड्यात करंट उतरू शकतो. प्लांटमध्ये पाण्याच्या पाइपासह लोक फिरतात. मी हात न लावता फोटो काढला, त्या स्ट्रिंगचा फ्यूज मेन स्विच बंद करून काढायला लावला आणि पॅनेल बदलेपर्यंत तिथे धुवायचं नाही असं पिवळी पट्टी बांधून सांगितलं. त्या संध्याकाळी इन्चार्ज स्वतः तिथे जाऊन वाकून पाहून आले. परत आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मालकांना अहवाल द्यायला बसले तेव्हा एक अवघड गोष्ट सांगायची होती. बंद पडलेली स्ट्रिंग म्हणजे साडेसहा किलोवॅट. सहा पॅनेलचे एक तृतीयांश भाग मिळून साधारण साडेसहाशे वॅट. बारा तापलेल्या सेलमागे प्रत्येकी एक गट पूर्ण बाद धरला तरी तेराशे वॅट. सगळं मिळून साडेआठ किलोवॅटही होत नाही, आणि आठ हजार पॅनेल मिळून आहेत २६०० किलोवॅटची. टक्क्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यांचे पाच टक्के यात नव्हते.

ते नाराज झाले. म्हणाले, "मग मॅडम, ड्रोनचा उपयोग काय झाला?" मी त्यांना साधा फोटो दाखवला. २९ जागा पुसल्या होत्या तिथे गडद निळे चौकोन आणि भोवती सगळीकडे करडी काच. काळ्या रानातली धूळ आठ हजार पॅनेलवर सारखी बसलेली होती. धूळ सारखी बसली की सगळे सेल सारखेच मंदावतात, कुणी कुणाला रेटत नाही, कुणी तापत नाही. थर्मल कॅमेऱ्याला फरक दिसतो, आणि इथे फरकच नव्हता. धुण्याची फेरी पंधरा दिवसांवरून महिन्यावर कधी गेली, असं मी विचारलं. त्यांनी इन्चार्जकडे बघितलं. पाण्याच्या टँकरचा खर्च वाढला म्हणून मागच्या दिवाळीपासून, असं उत्तर आलं. माझ्या मते बराचसा तोटा तिथे आहे, पण ते सिद्ध करायला एक स्ट्रिंग धुऊन, शेजारची न धुता, दोन्हींचा करंट त्याच वेळी मोजायला हवा. तसं आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. धुतलेली ७.९ अँपिअर, न धुतलेली ७.५.

स्ट्रिंगचा फ्यूज त्याच दिवशी बदलला. वर्षाला दहाएक हजार युनिट एका सैल क्लिपमागे जात होते. तीन पॅनेल फेब्रुवारीत बदलली, एक तृतीयांशवाल्या सहांपैकी चार मार्चमध्ये. शॉर्ट डायोडवाली दोन तशीच ठेवली आहेत, दर सहा महिन्यांनी मी त्यांचा फोटो काढणार आहे. शाळूकडच्या रांगांच्या वरच्या कडेला इन्चार्जनी पाखरांना बसता येऊ नये म्हणून बारीक तार ताणली. पुढच्या जानेवारीत पुन्हा उडवायचं ठरलंय, त्याच रांगा, कॅमेरा पंधरा अंश वर, आणि इन्व्हर्टर रूममध्ये फोन घेऊन एक माणूस.